वाक्य कोणाचं?

संदर्भ देणं म्हणजे कंस आणि स्वल्पविरामांची शिस्त, असं पहिल्या सत्रात वाटतं. एपीए पद्धतीत आडनाव आणि वर्ष, शब्दशः उतारा असेल तर पान क्रमांकही. एमएलएत आडनाव आणि पान. एवढं लवकर अंगवळणी पडतं. कंसात नाव कोणाचं घालायचं, हे ठरवताना मात्र अडायला होतं. माझं वाचन बदललं ते तिथे.

पूर्वी परिच्छेदातली सगळी वाक्यं मला एकाच माणसाची वाटायची. आता त्यात तिघं दिसतात: लेखक, त्याने ज्याचा दाखला दिला तो आणि ज्याचं म्हणणं खोडायला घेतलंय तो. गफलत होते ती बहुधा तिसऱ्यापाशी. ‘घोकंपट्टीनेच पाया पक्का होतो, असं काहींचं मत आहे’ एवढंच टिपून घेतलं आणि पुढच्या पानावरचं ‘परंतु’ राहून गेलं, की लेखकाच्या नावावर नेमकं उलटं मत जमा होतं. म्हणून टिपणाच्या प्रत्येक ओळीआधी मी ‘ले’, ‘दा’, ‘वि’ किंवा ‘मी’ लिहिते: लेखक, दाखला, विरोधक, माझा विचार. जसंच्या तसं उतरवलेलं लगेच अवतरणचिन्हांत टाकते आणि पान क्रमांक तिथल्या तिथे लिहिते. नंतर लिहू म्हटलं, की अख्खं प्रकरण पुन्हा चाळावं लागतं.

दुसरी सवय मूळ लेखापर्यंत जाण्याची. पालकाच्या भाजीत लोह भरपूर असल्याचा समज दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, ही गोष्ट टी. जे. हॅम्ब्लिन यांनी १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सांगितली, पण तिला आधार दिला नाही. पुढे अनेकांनी ती उचलली. शोध घेणाऱ्यांना त्या दशांशचिन्हाचा पुरावा काही सापडला नाही. ओले ब्योर्न रेकडाल यांनी २०१४ मध्ये या सगळ्या प्रकारावरच लेख लिहिला. निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून सांगितली जाणारी गोष्ट निष्काळजीपणेच पसरली होती! आता कंसातलं नाव दिसलं, की मी आधी संदर्भसूची उघडते. मूळ लेख मिळाला तर निदान सारांश, पद्धत आणि ज्या तक्त्यातून आकडा आला तो तक्ता पाहते. नाहीच मिळाला, तर दुय्यम संदर्भ म्हणून प्रामाणिकपणे नोंदवते आणि सूचीत फक्त हातात असलेलं पुस्तक घालते. न वाचलेल्या लेखांनी फुगवलेली सूची भारदस्त दिसते खरी, पण ती खोटी.

क्रियापदांकडेही लक्ष जातं. ‘आढळले’, ‘सूचित होते’ आणि ‘सिद्ध झाले’ यांत वजनाचा फरक आहे. स्वतःच्या शब्दांत मांडताना ‘सूचित होते’चं ‘सिद्ध झाले’ करून टाकलं, तर संदर्भ बरोबर असूनही वाक्य चुकतं. ‘असे मानले जाते’ दिसलं, की समासात प्रश्नचिन्ह: कोण मानतं?

वाचनाचा वेग यात निम्म्यावर येतो, आणि कादंबरी हातात असतानाही हे प्रश्न डोकावतात, ते मला आवडत नाही. सर्वज्ञात माहितीची सीमाही अजून सरळ आखता येत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याला संदर्भ लागत नाही. झोप कमी झाली की स्मरणशक्तीवर परिणाम होतो, याला निबंधात मी देते. दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण दुसऱ्या वाक्यावर ‘किती कमी, कोणाच्या, कोणत्या स्मरणशक्तीवर?’ असं विचारता येतं.