सोडवलेलं उदाहरण: 30° कोनात मारलेला चेंडू सिक्स जातो का?

उदाहरण: फलंदाजाने चेंडू 100.8 km/h चालीने, क्षितिजाशी 30° कोन करून उचलून मारला. चेंडूचा उड्डाणकाल, महत्तम उंची आणि पल्ला काढा. बाऊंड्रीची दोरी 65 m वर असेल तर सिक्स जाईल का? (g = 9.8 m/s². हवेचा रोध धरू नका. चेंडू जमिनीलगतच बॅटला लागला असं समजा.)

उकल: आधी एकक बघा. चाल km/h मध्ये दिली आहे आणि g मात्र m/s² मध्ये. परीक्षेत निम्मे मार्क इथेच जातात.

u = 100.8 × 5/18 = 28 m/s

आता या वेगाचे दोन घटक करायचे. चेंडू वर जातो तो उभ्या घटकामुळे, पुढे जातो तो आडव्या घटकामुळे, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गुरुत्व फक्त उभ्या घटकाला छळतं, आडवा घटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो.

उभा: u sin θ = 28 × 0.5 = 14 m/s
आडवा: u cos θ = 28 × 0.866 = 24.25 m/s

या दोन संख्या वहीच्या कोपऱ्यात चौकट करून ठेवा. पुढचं सगळं यांच्यावरच चालतं, सूत्र विसरलात तरी.

उड्डाणकाल: चेंडू 14 m/s ने वर निघाला. दर सेकंदाला 9.8 ने मंदावतो, म्हणजे माथ्यावर पोचायला 14/9.8 = 1.43 s लागतात. खाली यायला तेवढेच.

T = 2u sin θ / g = 28/9.8 = 2.86 s

महत्तम उंची:

H = u² sin² θ / 2g = 14² / 19.6 = 196/19.6 = 10 m

म्हणजे साधारण तीन मजली इमारतीएवढी. माथ्यावर चेंडूचा वेग शून्य असतो असं लिहू नका. शून्य होतो तो उभा घटक, चेंडू तेव्हाही 24.25 m/s ने पुढे पळत असतो. एका मार्काच्या प्रश्नात हे हमखास विचारतात.

पल्ला:

R = u² sin 2θ / g = (784/9.8) × sin 60° = 80 × 0.866 = 69.28 m

पडताळा: आडवा घटक × उड्डाणकाल = 24.25 × 2.857 = 69.28. जुळलं.

इथे दरवर्षी एक चूक सापडते. sin 2θ ऐवजी 2 sin θ घेतात, 2 × 0.5 = 1, आणि पल्ला येतो 80 m. उत्तर दिसतं इतकं गोजिरं की कुणाला शंकाच येत नाही. पण 80 m हा या चालीने मिळणारा सगळ्यात मोठा पल्ला, आणि तो 45° ला मिळतो. 30° ला तो मिळणारच नाही. दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. तो रेडियनवर असेल तर sin 30 चं उत्तर −0.988 येतं आणि उड्डाणकाल उणे साडेपाच सेकंदांच्या पुढे जातो, म्हणजे मारण्याआधीच चेंडू पडलेला! उणे वेळ आली की आधी मोड तपासा.

आता सिक्सचा प्रश्न. 69.28 > 65, म्हणून सिक्स, असं लिहून बहुतेकजण मोकळे होतात. उत्तर बरोबर, पण दोरीवर फिल्डर उभा असेल तर? x = 65 ला चेंडू किती उंचीवर आहे ते काढू.

y = x tan θ − g x² / (2u² cos² θ)
= 65 × 0.5774 − (9.8 × 4225)/(2 × 588)
= 37.53 − 35.21 = 2.32 m

डोक्यावर हात ताणलेला उंचापुरा फिल्डर जवळजवळ एवढ्या उंचीला पोचतो. जरा उडी मारली की कॅच. म्हणजे कागदावरचा सिक्स मैदानात विकेट ठरू शकतो. शिवाय खऱ्या चेंडूला हवा अडवते, तेव्हा तो 69 m च्या बराच अलीकडे पडेल.

तुमच्यासाठी: तोच फलंदाज, तीच चाल, पण कोन 60°. sin 120° आणि sin 60° सारखेच, म्हणून पल्ला पुन्हा 69.28 m. पण उंची तिप्पट, 30 m, आणि चेंडू 4.95 s हवेत. दोरीवर तो किती उंचीवर असेल ते वहीत काढा. 6.96 m आलं तर बरोबर, आणि या वेळी फिल्डरने कितीही उडी मारली तरी हात पोचणार नाही.