वरच्या गल्लीची चावी

रात्री सव्वाएकला जायकवाडीच्या पंपहाऊसची वीज गेली. सुरेशला ते फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून आलेल्या फोनवर कळलं. वीज चाळीस मिनिटांत परत आली, पण तेवढ्यानं भागत नाही. पंप पुन्हा सुरू व्हायचे, लाइनमध्ये दाब धरायचा, पाणी नक्षत्रवाडीला चढायचं आणि मग शहरातल्या टाक्यांकडे यायचं. तोवर उजाडतं. टाकीच्या पट्टीवर एक मीटर सत्तर दिसत होतं. दोन गल्ल्यांची पाळी पुरी करायची तर चार तरी हवं होतं.

त्यानं साहेबांना फोन लावला.

"निम्मं-निम्मं सोड," साहेब झोपेतच म्हणाले. "दोघांनाही मिळालं म्हणजे तक्रार येणार नाही."

तक्रार येणार नव्हती, हे खरंच होतं. वरच्या गल्लीच्या शेवटच्या नऊ घरांनी तक्रार करणं केव्हाच सोडलं होतं.

ती लाइन सहा दिवस कोरडी असते. व्हॉल्व्ह उघडला की पहिली वीस-पंचवीस मिनिटं नळातून नुसती हवा येते. मग गढूळ पाणी, मग तोंडाशी असलेल्या घरांच्या मोटारी सुरू होतात. चढ चढून पाणी टोकाला पोचतं तेव्हा पाऊण तास उलटलेला असतो. खालच्या गल्लीत पाच मिनिटांत नळ भरून वाहतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडले तर सगळं पाणी उताराला जातं. म्हणजे निम्मा वेळ दिला की खालच्यांना निम्मं पाणी मिळतं आणि टोकाच्यांना हवा. मागच्या दोन्ही पाळ्यांना असंच झालं होतं. रजिस्टरात मात्र 'पुरवठा झाला' असंच लिहिलेलं होतं, सुरेशच्याच अक्षरात.

पण खालच्या गल्लीत कांबळे मावशींचे यजमान काल गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. धाकटा मुलगा संध्याकाळी टाकीवर येऊन सांगून गेला होता, "मामा, आज पाणी येईल ना?" सुरेशनं हो म्हटलं होतं.

तो चावी खांद्यावर टाकून निघाला. पाच फुटी लोखंडी सळई, वर आडवी मूठ. खालच्या गल्लीच्या चेंबरचं झाकण त्यानं पहारीनं उचकटलं. ग्लँड गळत असल्यानं आत घोटाभर पाणी साचलेलं. चाचपडत चावी स्पिंडलवर बसवली आणि पाच फेरे दिले. एरवी चौदा देतो. पाच फेऱ्यांत मोटारींना ओढायला फारसं मिळत नाही, पण मावशींचं घर चेंबरपासून तिसरंच आहे. त्यानं मुलाला फोन केला, "वीस मिनिटं आहेत. पिंप, कळशा, जे असेल ते लाव."

वीस मिनिटांनी त्यानं व्हॉल्व्ह बंद केला आणि वरचा पुरा उघडला. मग सळईच्या मुठीला कान लावून उभा राहिला. आधी फुसफुस, मग घरघर. बऱ्याच वेळानं सलग, जड आवाज आला. हवा निघाली होती. तो गल्ली चढून टोकापर्यंत गेला. शेवटच्या घरातली आजी नळाखाली घागर ठेवून उकिडवी बसली होती. नळ दोनदा खोकला आणि करंगळीएवढी धार पडली.

"किती वेळ राहील रे?" तिनं विचारलं.

"टाकी संपेस्तोवर. सगळ्यांना उठवा."

चारच्या सुमाराला खालच्या गल्लीतले तिघं मोटारसायकलवर आले. त्यातला रफिकभाई सुरेशला लहानपणापासून ओळखत होता.

"वीस मिनिटांत बंद केलंस? आमच्या वरच्या मजल्यावर थेंब नाही चढला. माझ्या घरी दोन लेकरं आहेत. वरच्यांनी पैसे दिले का?"

"नाही दिले, भाई." सुरेशनं त्याला पट्टी दाखवली. उरलं होतं साठ सेंटीमीटर. "आता तुमचा व्हॉल्व्ह उघडला तर टोकाची नऊ घरं तिसऱ्यांदा कोरडी राहतात. ते मी करणार नाही."

"मग आम्ही कोरडे राहायचं?"

"आज, हो."

रफिकभाई काही बोलला नाही. मागचा पोरगा चावीला हात घालायला पुढं सरला, तेव्हा त्यानंच त्याला धरलं. "आमची पाळी कधी?"

"उद्या टाकी भरली की पहिला व्हॉल्व्ह तुमचा. पूर्ण वेळ."

"तोंडी नको. लिहून दे."

सुरेशनं रजिस्टर उघडलं. खालची गल्ली, वीस मिनिटं, पाच फेरे. वरची गल्ली, पूर्ण. कारण : टोकाला पाणी पोचत नाही. निर्णय माझा. खाली सही केली. मग मागचं कोरं पान फाडून तेच पुन्हा लिहिलं, उद्याची पाळी टाकली आणि कागद रफिकभाईच्या हातात दिला.

"साहेबांना दाखवू का हा?"

"दाखवा," सुरेश म्हणाला. "नऊला ऑफिसात येतात. मीही येतो."