जेझेरो वसाहत : पात्रांची नावं

कथामालेतल्या सगळ्या कथा २१४१ साली मंगळावरच्या जेझेरो विवरात घडतात. पहिली तुकडी उतरली २०९६ मध्ये. म्हणजे पात्रांमध्ये पृथ्वीवर जन्मलेले म्हातारे आहेत आणि पृथ्वी फक्त पडद्यावर पाहिलेले चाळिशीचे लोकही आहेत. हे नाव पहिल्यांदा कोणी हाक मारायला वापरलं आणि कोणी लिहून घेतलं, याचं उत्तर ज्या नावाला देता आलं नाही ते मी यादीत ठेवलेलं नाही. तीन देशांतले तीन तुकडे जोडून केलेली ‘इव्हान वेई पाटील’ छापाची नावं त्यामुळे इथे मिळणार नाहीत. मधेच अपॉस्ट्रॉफी टोचलेली परग्रही नावंही नाहीत.

सगळ्याच्या मुळाशी वसाहतीचा नोंदणी अर्ज आहे. त्यात रकाने तीनच: स्वतःचं नाव, आईचं किंवा वडिलांचं नाव, राहण्याची जागा. पहिल्या तुकडीत आइसलँडचे, इथिओपियाचे आणि तमिळ लोक बरेच होते आणि त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणारं आडनाव सहसा नसतंच, म्हणून आडनावाचा रकाना ठेवला नाही. रशियनांचं पितृनाम दुसऱ्या रकान्यात बिनबोभाट बसलं. अडले ते दोन आडनावंवाले.

थोरा गुन्नार्सदोत्तिर आणि योहानेस तेस्फाये. ती बर्फ खणणारी, तो यंत्रदुरुस्तीवाला. ‘दोत्तिर’ म्हणजे मुलगी, तेव्हा थोरा ही गुन्नारची मुलगी. तेस्फाये हे योहानेसच्या वडिलांचं नाव, त्याला प्रत्यय नाही. मुलगी सेलाम योहानेस वडिलांच्या रीतीने, मुलगा बिर्किर थोरुसॉन आईच्या नावावरून. सख्खी भावंडं, पण नावात एक शब्द सारखा नाही. तिसऱ्या कथेतला चौकशी अधिकारी नवखा आहे, त्याच्या हे शेवटपर्यंत लक्षात येत नाही. लेखकाने कृपया आधी फोडू नये.

आमा लान मेन्सा. हिच्या नावावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. वडील घानाचे, अकान. त्यांच्यात जन्मवारावरून नाव पडतं: शुक्रवारची मुलगी अफुआ, शनिवारची आमा, मुलगा असता तर कोफी किंवा क्वामे. पण मंगळावर वार कोणता धरायचा? तिथला दिवस, म्हणजे सोल, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. सात सोलांचा आठवडा चालवला तर साधारण ३६ सोलांत तो पृथ्वीच्या वारांपेक्षा एक दिवस मागे पडतो. ती जन्मली तेव्हा वसाहतीत शनिवार होता, आजीच्या घरी शुक्रवार. आजीच्या निरोपांत ती आयुष्यभर अफुआ, इथे आमा. आजीचे निरोप लिहिताना ‘आमा’ चुकूनही येऊ देऊ नका. लान हे तिच्या व्हिएतनामी आईचं नाव. आईचं घराण्याचं नाव न्गुयेन, पण व्हिएतनाममध्ये हाक स्वतःच्या नावानेच मारतात, त्यामुळे दुसऱ्या रकान्यात लानच आलं. मेन्सा हे मुळात तिसऱ्या मुलाला देतात ते नाव, पुढे घराण्याचं झालेलं. आमा पहिली आणि मुलगी. तिला त्याचं काही वाटत नाही.

हान जीहुन ताइवो आणि हान जीयू केहिंदे. जुळे. वडील कोरियन: घराण्याचं नाव आधी, आणि एका पिढीच्या भावंडांना एक अक्षर सामाईक, इथे ‘जी’. आई पश्चिम आफ्रिकेतली योरुबा: जुळ्यांतला आधी बाहेर येणारा ताइवो, मागून येणारा केहिंदे. गंमत म्हणजे योरुबा समजुतीनुसार केहिंदेच थोरला. जग कसं आहे ते बघायला त्याने ताइवोला पुढे पाठवलेलं असतं. वडिलांच्या हिशेबाने ताइवो थोरला. घरातलं हे भांडण पाचव्या कथेत आहेच. धाकटी बहीण इदोवू, जुळ्यांनंतरच्या मुलाचं ठरलेलं नाव. अर्धी वसाहत दोघांनाही ‘हान’ म्हणते, ते नावच समजून.

इनेस काब्रेरा ओता. पेरूची, वडिलांचं काब्रेरा, आईचं ओता, आईचे पूर्वज जपानी. अर्जात दुसऱ्या रकान्यात दोन शब्द घेईनात, तिने ते जोडून लिहिले. नातू केन याच्यापर्यंत त्याचं काब्रोता झालं. अशी झीज खरीच होते: वेस्ट इंडीजमध्ये गेलेल्या मजुरांचा ‘प्रसाद’ कारकुनांच्या लेखणीतून ‘परसाद’, ‘परसॉद’ झाला आणि तसाच राहिला.

दानिएल पेणकर. पाणीशाखा, आता ऐंशीचा. बेने इस्रायल घराण्यातला. या समाजात बायबलमधली नावं आणि कोकणातल्या गावांवरून पडलेली ‘कर’वाली आडनावं शेकडो वर्षं शेजारी नांदली आहेत. त्याच्या आडनावाचा अर्थ कळल्यावर पाणीशाखेने तिसरा रकाना चेष्टेत तसाच भरायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढीने ते गंभीरपणे घेतलं. जेझेरोच्या आसपासच्या कोरड्या नदीपात्रांना बाल्कनमधल्या नद्यांची नावं आहेत: नेरेत्वा, सावा, प्लिवा. त्यांच्या काठच्या घुमटांत राहणारे नेरेत्वेकर, सावेकर, प्लिवकर. ‘सावकर’ करू नका, वाचक सावकारच वाचेल. घुमट बदलला तरी आडनाव बदलत नाही. सावेकर म्हणवणारे निम्मे लोक आता प्लिवाकाठी राहतात.

दानिएलची बायको डॉक्टर हाना, लेबनॉनची. वसाहतीत तिला उम्म नीली म्हणतात, नीलीची आई. मुलगी नीली दानिएल प्लिवकर. नीली हे हिब्रूत मुलीचं नाव आहे, विवराजवळच्या खोल भेगांचं नकाशावरचं नाव नीली फॉसी आहे आणि वडिलांच्या मराठी कानाला त्यात निळा रंग ऐकू येतो. तांबड्या ग्रहावर निळी! हा विनोद दानिएल अजून करतो. एका कथेत एकदाच करू द्यावा.

दोन निकिता आहेत आणि ते मुद्दाम. एक निकिता सेर्गेयेविच, सत्तरीचा वैमानिक. रशियात हे पुरुषाचं नाव. दुसरी निकिता वर्षा सावेकर, सव्वीस वर्षांची, आई नागपूरची. औषधांची अदलाबदल सातव्या कथेत यावरूनच होते. एरवी त्याला सगळे ‘सेर्गेयिच’ म्हणतात, तिला निकू.

हाका मारताना वयाचा मान राखायची सवय फिलिपिनो स्वयंपाकघरातून पसरली: मोठी बहीण ‘आते’, मोठा भाऊ ‘कुया’. सेलामला सगळे आते सेलाम म्हणतात. निकूला लहानपणी वाटायचं ही आपली आत्या. थोराला मात्र फक्त थोरा. आइसलँडमध्ये राष्ट्राध्यक्षालाही नावानेच हाक मारतात, आणि तिने ते सोडलेलं नाही.

गर्दीत, रांगेत, बातमीत लागणारी सुटी नावं खाली देतो. वापरलं की खूण करा, म्हणजे दुसऱ्या कथेत तोच माणूस वेगळ्या वयाचा निघणार नाही.

नाओमी केन नेरेत्वेकर: नाओमी हिब्रूतही चालतं आणि जपानीतही. क. मुरुगन: क म्हणजे वडील कण्णन. कोजो बिर्किर सावेकर, सोमवारचा. मीरा इव्हानोवा: भारतात आणि बल्गेरियात सारखंच घरचं नाव. याव प्लिवकर, गुरुवारचा. उम्म ताहा: खरं नाव कोणालाच माहीत नाही, दुसऱ्या कथेपुरतं तरी.