भाव इतका का चढला?

सप्रेम नमस्कार,

सोमवारी विचारलेला भाव शनिवारी ऐकून अनेकांनी फोन केले, म्हणून हे पत्र. सोन्याचा मूळ भाव जगाच्या बाजारात डॉलरमध्ये, ३१.१ ग्रॅमच्या औंसावर ठरतो. व्याजदर उतरणार अशी हवा झाली की मोठे गुंतवणूकदार ठेवी सोडून सोन्याकडे वळतात. या आठवड्यात तेच झालं. त्यात आपल्या चलनात डॉलरही महागला (एरवी हे दोन्ही सहसा एकदम होत नाही), म्हणजे दुहेरी फटका.

आमची घडणावळ होती तेवढीच आहे. पूर्ण रक्कम भरून बुकिंग केलेल्यांना जुनाच भाव लागेल. मोडीला आजचा भाव मिळेल. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के शुद्ध, त्या हिशोबाने. पुढच्या आठवड्याचा भाव कुणी छातीठोकपणे सांगितला, तर विसंबू नका.

आपला नेहमीचा सराफ