मॅडम, वर्षभराबद्दल थोडं

मॅडम, अप्रेजलचं सगळं आटपलं, लेटर पण हातात आलं, म्हणून आता लिहितेय. आधी लिहिलं असतं तर मलाच ते मस्का मारल्यासारखं वाटलं असतं. आणि समोर बोलायला गेले की "थँक्यू मॅडम"च्या पुढे माझी गाडी जात नाही, त्यामुळे मेसेजच बरा.

या वर्षातला सगळ्यात जास्त लक्षात राहिलाय तो डेटा मायग्रेशनचा कॉल. क्लायंटने तारखेचं विचारलं ते थेट तुम्हालाच, आणि तुम्ही म्हणालात, "प्लॅन तिने केलाय, तीच सांगेल", आणि म्यूटवर गेलात. मी अडखळत होते, वाटत होतं की आता तुम्ही बोलाल, मग बोलाल, पण तुम्ही बोलला नाहीत, शेवटी मीच सांगितलं की ट्रायल रन झाल्याशिवाय तारीख देता येणार नाही, आणि त्यांनी ते चक्क मान्य केलं. नंतर तुम्ही छान वगैरे काही म्हणाला नाहीत, फक्त विचारलंत की रोलबॅकचा प्रश्न आला असता तर काय सांगितलं असतंस? त्याचं उत्तर मी त्याच संध्याकाळी लिहून काढलं. तेव्हापासून त्यांचे फोन मलाच येतात.

दुसरं म्हणजे तुमच्या कमेंट्स. माझ्या डॉक्युमेंटमधलं वाक्य तुम्ही स्वतः कधी बदललं नाहीत, बाजूला फक्त प्रश्न असायचा, "हे वाचून समोरच्याने नक्की काय करायचं?" तुम्ही दुरुस्त करून पुढे पाठवलं असतं तर काम पाच मिनिटांत संपलं असतं, पण रिलीजच्या धावपळीत सुद्धा तुम्ही ते मलाच परत पाठवायचात आणि परत वाचायचात. तुमचा किती वेळ त्यात गेला याची मला जाणीव आहे मॅडम, खरंच.

सगळंच पटलं असं नाही. शुक्रवारची आठवड्याची नोंद लिहायचं अजूनही जिवावर येतं, आणि टेस्टिंगच्या आधी डिझाइन फ्रीझ करण्यावर आपलं काही जुळलेलं नाही. पण तो वाद मी भर मीटिंगमध्ये तुमच्याशी घालू शकले आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या वागण्यात काडीचा फरक नव्हता, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. आधीच्या नोकरीत मी गप्पच बसायचे.

आता नवीन जॉइन झालेल्या मुलाचं काम मी बघते. त्याच्या क्वेरीत काही दिसलं की हात आपोआप कीबोर्डकडे जातो, मग थांबते आणि विचारते, "या जॉइनमुळे रेकॉर्ड डबल येतील का रे?" आणि त्यालाच शोधू देते. वेळ लागतो, पण त्याला सापडतं.

मनापासून आभार, मॅडम. उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही. फक्त गुरुवारचं आपलं बोलणं बंद करू नका, दर आठवड्याला नाही जमलं तर पंधरा दिवसांनी चालेल, या वेळी विषय मी आधी पाठवते.