विश्वावसु

जांभळी नाक्यावरून रिक्षात बसलो तेव्हा पायाशी वीस किलो रांगोळीची गोणी होती. रिक्षा नौपाड्याकडे वळली आणि रिक्षावाल्यानं आरशात बघून एकदम ब्रेक मारला.

"काका, मागं बघा."

मागं बघितलं तर रस्त्यावर पांढरी रेघ. गोणीची शिवण खालून उसवली होती आणि मला पत्ताच नव्हता. शनिवारची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी पाडवा, मागं गाड्यांची ही रांग. मी भोकावर तळवा दाबून नुसता बसून राहिलो. रिक्षावाला खाली उतरला, सीटखालचं फडकं काढलं, गोणीचं तोंड फिरवून घेतलं आणि करकचून गाठ मारली.

"उद्या रांगोळी रस्त्यावरच पडायची ना? थोडी आज पडली," तो म्हणाला. फडकं परत द्यायला गेलो तर नको म्हणाला.

मी पेंटर आहे. ठाण्यात चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या मागच्या. सणाची आदली रात्र म्हणजे माझ्यासाठी मंडळांचे कापडी फलक. कोपऱ्यातला बल्ब, रॉकेलचा वास, आणि सकाळी पैशांवरून घासाघीस. पुढं फ्लेक्स आलं. आता ग्रिल रंगवतो, सोसायटीच्या गेटवर फ्लॅटचे नंबर टाकतो. अक्षर लिहायचं काम वर्षातून चार-पाचदा येतं. पाडव्याला कौपिनेश्वराची पालखी निघते, तिच्या वाटेवर आदल्या रात्री मोठी रांगोळी काढतात. कळव्याला आमच्या शेजारची सायली चार वर्षं त्या रांगोळीला जाते. तीच म्हणाली, "काका, यंदा माणसं कमी आहेत. चला ना." पाडव्याच्या आदल्या रात्री फुकट काम करायला निघालो, हे आयुष्यात पहिल्यांदा.

वर्षाताईंच्या वहीत माझं नाव 'सामान, पाणी, चहा' या रकान्यात होतं. वर्षाताई सत्तरीच्या. कमरेला ओढणी बांधून रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. अर्धवट रिकामी गोणी त्यांच्यापुढं ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. पैसे मी भरतो, असंही म्हणालो.

त्यांनी गोणीत हात घातला, चिमूटभर काढून बोटांत चोळली. "बारीक आहे. छान आणलीत हो. दुकानदार पुष्कळदा जाडी गळ्यात मारतात." एवढंच. पाच किलोचा विषय तिथंच संपला.

दहाच्या सुमाराला वाहतूक बंद झाली. एका हवालदारानं दोन्ही तोंडांना बॅरिकेड लावले. रस्ता झाडला, धुतला, वाळला. सायलीनं मधोमध खिळा धरला, दुसऱ्या मुलीनं दोरी ताणून खडूनं वर्तुळ फिरवलं. त्याच्या बाहेर दुसरं, मग तिसरं. बायका चाळणी घेऊन बसल्या. चाळणीला टिचकी मारत मागं मागं सरकायच्या आणि पुढं मऊ पांढरा थर पडत जायचा. तो पडताना इतका बारीक आवाज येतो की ऐकायला खाली वाकावं लागतं. मी वाकलो होतो.

साडेअकराला कळलं की अक्षरं लिहिणाऱ्या बाईंच्या घरी आजारपण निघालंय, त्या येत नाहीत. सायलीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"तुम्ही पेंटर?" वर्षाताईंनी विचारलं. "मग सांगायचं नाही का आधी!"

मजकूर त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिला. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सर. "श्वा ला काना विसरू नका, पुष्कळ जण विश्ववसु लिहितात. साठ संवत्सरांचं चक्र असतं, दर साठ वर्षांनी तेच नाव फिरून येतं. यंदाचं हे नाव मागं १९६५ सालच्या पाडव्याला आलं होतं."

"माझा जन्म पासष्टच्या श्रावणातला," मी म्हणालो.

"म्हणजे तुमचंच संवत्सर परत आलंय की," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कामाला गेल्या. मी तो कागद थोडा वेळ हातात धरून होतो. चाळीस वर्षांत मजकुराच्या कागदांवरून काही कमी लिहिलं नाही, पण त्यातलं एखादं नाव माझं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

दोरीला गेरू लावून सूत मारलं, वर एक, खाली एक, दीड फुटाचं अंतर. इथपर्यंत हात सरावाचा होता. मग चिमटीत रांगोळी घेतली आणि 'श' ची गाठ काढायला गेलो तर ढेकूळ पडलं. ब्रशला पाठ असते, तो टेकतो, मनगटाला कळतं कुठं दाबायचं. रांगोळीला टेकायला काहीच नाही. ती हवेतून सोडायची. त्यात तळव्याला घाम. तीनदा पुसलं, तीनदा तेच.

शेजारी एक मुलगी पाकळीत रंग भरत होती, सातवीतली असेल. ती उठली आणि माझा हात उलटा करून बघितला. "आजोबा, हात ओला आहे. आधी कोरड्या रांगोळीत चोळा. आणि चिमूट नाही, मूठ भरून घ्या. बोटं थोडी सैल करा. हात चालला पाहिजे, थांबला की गोळा पडतो." तिनं एक रेघ मारून दाखवली, हातभर लांब, एकसारखी. मग माझ्या बाजूला एक कोरा तुकडा सरावाला दिला आणि स्वतःच्या पाकळीकडं वळून बसली, माझ्याकडं न बघता. न बघण्याची ती समज तिला कुठून आली असेल, कोण जाणे.

हात चालला पाहिजे. ब्रशचंही तेच होतं, मी विसरलो होतो.

समोरच्या इमारतीचा वॉचमन गोणपाटाची चौघडी करून गुडघ्याखाली ठेवून गेला. बोललाही नाही. एकदा बसलो तो बसलो. मरून रंगात अक्षरं, पिवळी कड, 'संवत्सर' च्या रफाराला असलेली ओढ... रफार नाही त्यात, पण त्स च्या जोडणीला असा एक बाक देता येतो की डोळा तिथं थांबतो. तो बाक मी गुरूंकडून शिकलो, १९८४ साली, टेंभी नाक्याजवळच्या एका बोळात. त्या बाकाला फ्लेक्सच्या जमान्यात कुणी पैसे देत नाही. त्या रात्री तो जसा हवा तसा पडला.

अडीच वाजले असतील. अमावास्येची रात्र, वर आकाश काळंभोर, खाली हॅलोजनचा पिवळा उजेड. उठून उभा राहिलो, कंबर सरळ केली. तेवढ्यात पलीकडच्या बॅरिकेडपासून हवालदारसाहेबांचा आवाज आला.

"पेंटर, मला उलटं दिसतंय हो. पालखी इकडनंच येणार ना?"

मी खाली बघितलं, मग त्यांच्याकडं. भिंतीवर अक्षर उलटं लिहिता येत नाही. भिंतीला वर आणि खाली असतं. रस्त्याला तसं काही नसतं, तिथं लोक कुठून येणार ते आधी विचारायचं असतं. मी उजेड होता त्या बाजूनं बसलो आणि सगळं लिहून मोकळा झालो. कौपिनेश्वराची पालखी समोरून येणार आणि नव्या वर्षाचं नाव सगळ्यांना डोक्यावर उभं दिसणार.

चाळण्यांचा आवाज थांबला. कुणी काही बोललं नाही. माझ्या पोटात गोळा आला. कापडी फलकात चूक झाली की मंडळाची पोरं काय बोलायची ते कानात वाजायला लागलं.

वर्षाताई केरसुणी घेऊन आल्या. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, बराच वेळ अक्षरांकडं बघत. मग वळून म्हणाल्या, "पुसायच्या आधी सगळ्यांनी इकडून येऊन वाचा. एवढं सुरेख लिहिलंय, न वाचता पुसायचं नाही."

सगळे आले. बायका, मुली, वॉचमन, थर्मासवाला मुलगा. हवालदारसाहेब रांगोळीला मोठा वळसा घालून आले. माझ्या बाजूला दाटीनं उभं राहून सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं, शाळेत फळा वाचतात तसं: "शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर." सातवीतल्या मुलीनं 'श्वा' वर जोर दिला.

मग वर्षाताईंनी केरसुणी माझ्या हातात दिली. "तुम्हीच काढा. हळू, खालचा पांढरा थर उचलला जाईल."

मरून, पिवळा, पांढरा, सगळं एकत्र आलं. सुपात गोळा झालं ते मातकट जांभळं. सायली ते कचऱ्याच्या पिशवीत ओतायला निघाली आणि मी तिचा हात धरला. बोर्ड रंगवताना अक्षराच्या उजव्या अंगाला आणि खाली आम्ही शेड देतो, त्यानं अक्षर भिंतीतून उठून येतं. शेडला रंग कधी झगझगीत वापरायचा नाही, असाच वापरायचा, दबलेला, कुठल्या रंगाचा ते पटकन सांगता येऊ नये असा. दुकानात विकत मिळत नाही, डब्यांच्या तळातून जमवावा लागतो.

"हे ठेव," मी म्हणालो. "लागणार आहे."

दुसऱ्या बाजूनं बसलो. तिकडं उजेड कमी, म्हणून दोघीतिघींनी मोबाईलचे टॉर्च धरले. हात अवघडला की आपसांत बदलत होत्या. साडेतीनला कुणाच्या तरी घरून उपमा आला. माझे हात भरलेले, तर वर्षाताईंनी चमच्यानं दोन घास भरवले. आई गेल्यापासून मला कुणी भरवलं नव्हतं. मी मान खाली घालून 'स' ची दांडी ओढत राहिलो.

पाचच्या आत अक्षरं झाली. मग त्या सुपातल्या रंगानं शेड दिली. पहिल्या 'श' ला दिली तेव्हा टॉर्च धरलेली मुलगी नुसती "अय्या" म्हणाली. सगळी ओळ झाल्यावर हवालदारसाहेब बॅरिकेडजवळून बघत म्हणाले, "आता हात लावला तर हाताला लागेल असं वाटतंय."

मला उजाडायच्या आत कळव्याला पोचायचं होतं. घरी गुढी उभारायची होती. बांबू धुवून ठेवला होता, कडुलिंब माठावर ओल्या फडक्यात. वर्षाताईंनी साखरेची गाठी कागदात बांधून दिली, वहिनींना द्या म्हणाल्या. वही उघडली, माझ्या नावापुढचं 'सामान, पाणी, चहा' खोडलं नाही. त्याच्यापुढंच 'अक्षरं' लिहिलं.

बॅरिकेडपाशी पोचलो. हवालदारसाहेब ते बाजूला घ्यायला निघाले होते. नेहमी फरफटत नेतात, लोखंडाचे पाय डांबरावर खरडतात. रांगोळीची कड तिथून वीतभर होती. त्यांनी एक बाजू धरली, माझ्याकडं बघितलं.

"पेंटर, तिकडनं धरा जरा. उचलूनच नेऊ."

गाठीची पुडी खिशात सारली आणि मी दुसरी बाजू धरली.