विषबाधा उजळणी: पॅरासिटामॉल आणि ऑर्गॅनोफॉस्फेट

पॅरासिटामॉल

६० किलोच्या मुलीने ६५० मिग्रॅच्या १५ गोळ्या एकदम घेतल्या: ९.७५ ग्रॅम, म्हणजे किलोमागे १६२ मिग्रॅ. विषारी मात्रा साधारण १५० मिग्रॅ/किलो, म्हणजे धोका आहेच. पहिल्या दिवशी ती नुसती मळमळते म्हणेल, चालत घरीही जाईल. फसायचं नाही.

नेहमीच्या मात्रेत बहुतेक औषध ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट होऊन लघवीवाटे जातं. थोडंसं सीवायपी २ई१ मुळे नॅपक्वी बनतं, त्याला ग्लुटाथायोन निष्प्रभ करतं. मात्रा वाढली की सल्फेटचा मार्ग भरतो, नॅपक्वी वाढतं, ग्लुटाथायोनचा साठा संपतो. मग नॅपक्वी पेशीतल्या प्रथिनांना चिकटतं. मध्यशिरेभोवतीच्या (झोन ३) पेशी आधी मरतात, कारण हे एन्झाइम तिथेच जास्त असतं.

रक्तातली पातळी गोळ्या घेतल्यानंतर ४ तासांनीच पाहा. त्याआधीचा आकडा नोमोग्रामवर लावता येत नाही. ४ तासांना १५० मायक्रोग्रॅम/मिली किंवा जास्त असेल तर ॲसिटिलसिस्टीन. ते सिस्टीन पुरवतं, त्यातून ग्लुटाथायोन पुन्हा तयार होतं. ८ तासांच्या आत दिलं तर यकृत जवळपास वाचतंच. रिपोर्टला उशीर होणार असेल तर वाट न पाहता सुरू करा.

शिरेतून, ५% डेक्स्ट्रोजमध्ये: १५० मिग्रॅ/किलो १ तासात, ५० मिग्रॅ/किलो ४ तासांत, १०० मिग्रॅ/किलो १६ तासांत. या मुलीला ९, ३ आणि ६ ग्रॅम. पहिल्या बाटलीत अंगावर पित्त उठलं किंवा छातीत घरघर झाली, तर ती बहुधा वेगामुळे आलेली ॲनाफिलॅक्टॉइड प्रतिक्रिया असते. थांबवा, अँटिहिस्टॅमिन द्या, मग हळू सुरू करा. कायमचं बंद करणं ही चूक.

ऑर्गॅनोफॉस्फेट

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही फवारणीची औषधं. ती ॲसिटिलकोलिनेस्टेरेजच्या सेरीनला फॉस्फेट जोडतात, ॲसिटिलकोलीन साचतं. मस्कॅरिनिक खुणा: लाळ, घाम, उलटी-जुलाब, टाचणीएवढी बाहुली, मंद नाडी, छातीत पाणी. निकोटिनिक: स्नायू फडफडणं, मग लुळेपणा. सर्वात आधी श्वासमार्ग आणि ऑक्सिजन. हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबणाने धुवा.

ॲट्रोपिन १.८ ते ३ मिग्रॅ शिरेतून (०.६ च्या ३ ते ५ ॲम्प्यूल), दर ५ मिनिटांनी मागच्या मात्रेच्या दुप्पट. थांबायचं केव्हा? छाती स्वच्छ, नाडी ८० च्या वर, सिस्टोलिक ८० च्या वर, काख कोरडी. बाहुलीवर जाऊ नका. मग एकूण लागलेल्या मात्रेच्या १०–२०% दर तासाला चालू ठेवा. बडबड, ताप आणि आतड्यांचा आवाज बंद, म्हणजे ॲट्रोपिन जास्त झालं.

लुळेपणावर ॲट्रोपिनचा काही उपयोग नाही. तिथे प्रॅलिडॉक्सिम: ते फॉस्फेट सोडवतं, पण 'एजिंग' होण्याआधीच. डायमिथाइल गटात (मोनोक्रोटोफॉस) एजिंगचं अर्धायुष्य सुमारे ४ तास, डायइथाइलमध्ये (क्लोरपायरीफॉस) तीसेक तास. ३० मिग्रॅ/किलो अर्ध्या तासात, मग ८ मिग्रॅ/किलो/तास, ॲट्रोपिन आधी. भसकन ढकललं तर हृदय थांबू शकतं. चाचण्यांत फायदा सातत्याने दिसलेला नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

२४ ते ९६ तासांत रोज उशीवरून मान उचलायला लावा. उचलता आली नाही तर इंटरमीडिएट सिंड्रोम. व्हेंटिलेटर तयार ठेवा.